‘दॉ दॉ’ म्हणजे लालभडक की लालसर? व्हिएतनामी द्विरुक्त शब्द ओळखण्याची रीत

प्रश्न : मी काही महिने व्हिएतनामी शिकते आहे. एका धड्यात लिहिलं होतं की विशेषण दोनदा म्हटलं की अर्थ सौम्य होतो. दुसरीकडे वाचलं की तीच पुनरुक्ती जोर देण्यासाठी असते. आणि काही शब्दांत तर दुसरा भाग पूर्ण वेगळाच येतो. मग ऐकताना ओळखायचं कसं? ‘दॉ दॉ’ म्हणजे लालभडक की लालसर?

उत्तर :

लालसर. नेहमीच लालसर, लालभडक कधीच नाही. आपल्याला इथे अडखळायला होतं ते मराठीमुळे. ‘लाल लाल टोमॅटो’, ‘गरम गरम भजी’ म्हणताना आपण गुण वाढवत असतो, आणि तो कमी करायचा असेल तर ‘लालसर’, ‘गोडसर’, ‘पिवळट’ असे प्रत्यय लावतो. व्हिएतनामीत एक अक्षरी विशेषण नुसतं दुणावलं की ‘-सर’ प्रत्ययाचं काम होतं. लालभडक म्हणायला त्यांच्याकडे वेगळी सोय आहे: ‘दॉ’पुढे खास त्याच रंगासाठी राखलेला शब्द येतो, जसं ‘दॉ चॉत’ म्हणजे डोळ्यांत भरणारा भडक लाल.

खात्री करून घ्यायला एक सोपी कसोटी आहे. ‘खूप’ या अर्थाचा ‘झत’ हा शब्द विशेषणाच्या आधी लावून पाहा. ‘झत दॉ’, खूप लाल, चालतं. ‘झत दॉ दॉ’ कोणी म्हणत नाही, जसं आपण ‘खूप लालसर’ म्हणताना अडतो. ज्या जोडशब्दाला ‘झत’ लागत नाही तो सौम्य करणारा आहे. ज्याला लागतो तो वेगळ्या जातीचा आहे, त्याच्याकडे पुढे येते.

आता सौम्य करणारी जोडी बनते कशी ते नीट पाहू, कारण कानाने ओळखायची खूण तिथेच आहे. लिहिण्याबद्दल आधी एक गोष्ट. बाराखडीत शिकून आपण विसरून गेलेली ‘ङ’ आणि ‘ञ’ ही अक्षरं मी इथे मुद्दाम वापरते आहे. व्हिएतनामीत हे दोन्ही ध्वनी शब्दाच्या सुरुवातीलाही येतात आणि शेवटीही. उच्चार हनोईकडचे धरले आहेत. देवनागरीत सूर दिसत नाहीत, म्हणून गरज पडेल तिथे ते शब्दांत सांगते.

सूर सहा आहेत, पण द्विरुक्तीसाठी ते तीन-तीनच्या दोन घरांत राहतात. वरच्या घरात ‘ङाङ’ हा सपाट सूर, ‘साक’ हा चढता सूर आणि ‘हॉय’ हा खाली जाऊन वळणारा सूर. खालच्या घरात ‘हुएन’ हा हळू उतरणारा, ‘ङा’ हा मध्येच घशात तुटून वर जाणारा आणि ‘नाङ’ हा जड, खाली आदळणारा सूर. व्हिएतनामी मुलं ही वाटणी शाळेत एका दोन ओळींच्या पद्यातून लक्षात ठेवतात. त्याचा भावार्थ असा: हुएनताई जड ओझं नेताना पडली आणि तिला लागलं, खोङदादा काढा उकळतोय आणि विचारतोय, कुठे दुखतं? ‘जड’ म्हणजे नाङ, ‘पडणं’ म्हणजे ङा, ‘काढा उकळणं’ म्हणजे साक, ‘विचारणं’ म्हणजे हॉय, आणि खोङ हे सपाट सुराचं दुसरं नाव. पहिल्या ओळीत खालचं घर, दुसऱ्या ओळीत वरचं.

सौम्य जोडीत मूळ शब्द दुसऱ्या जागी असतो आणि नक्कल त्याच्या आधी येते. ही नक्कल आपल्याच घरातला शांत सूर घेते: वरच्या घरातली असेल तर सपाट ङाङ, खालच्या घरातली असेल तर उतरता हुएन. ‘दॉ’ (लाल) हॉय सुराचा आहे, म्हणजे वरच्या घरातला, म्हणून नक्कल सपाट सुरात ‘दॉ’ आणि मग मूळ ‘दॉ’. ‘चाङ’ (पांढरा) चढत्या सुराचा, त्याचंही तसंच: सपाट ‘चाङ’, मग चढता ‘चाङ’, म्हणजे पांढुरका. ‘लाञ’ (थंड) नाङ सुराचा, खालच्या घरातला, म्हणून त्याची नक्कल उतरत्या हुएन सुरात. मूळ शब्दाचाच सूर शांत असेल तर बदलायला काही उरत नाही. ‘साञ’ म्हणजे निळा किंवा हिरवा, आणि ‘साञ साञ’ म्हणजे निळसर किंवा हिरवट, दोन्ही सपाट सुरात.

मूळ शब्द स्पर्श व्यंजनाने संपत असेल तर गंमत वाढते. ‘मात’ म्हणजे गार, चढत्या सुरात. त्याची सौम्य जोडी ‘मात मात’ होत नाही, ‘मान मात’ होते. ‘ङॉत’ म्हणजे गोड, त्याचं ‘ङॉन ङॉत’. ‘दॅप’ म्हणजे सुंदर, त्याचं ‘दॅम दॅप’. ‘खाक’ म्हणजे वेगळं, त्याचं ‘खाङ खाक’. शेवटचा ‘च’ असला तर ‘ञ’. ज्याने वर्णमाला क-वर्ग, च-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग अशी पाठ केली आहे त्याला हा नियम वेगळा शिकायलाच नको. शेवटच्या स्पर्श व्यंजनाच्या जागी त्याच वर्गाचं अनुनासिक येतं: क-चा ङ, च-चा ञ, त-चा न, प-चा म. व्हिएतनामी व्याकरणं हे तक्ता करून शिकवतात. आपल्याला तो तक्ता आधीच येतो.

हा बदल होतो याचं कारणही सुरांतच आहे. व्हिएतनामीत क, च, त, प यांनी संपणाऱ्या अक्षरांवर फक्त साक किंवा नाङ हेच सूर बसू शकतात. ती अक्षरं झटकन बंद होतात, त्यामुळे सपाट किंवा उतरता सूर धरून ठेवायला त्यांत जागाच नसते. नकलेला मात्र शांत सूर हवा. म्हणून स्पर्श व्यंजन सोडून त्याच जागेवरचं अनुनासिक घेतलं जातं, तोंडाची ठेवण तीच राहते आणि सूर लांबवता येतो. ऐकताना याचा फार उपयोग होतो. शेवटचा त किंवा प व्हिएतनामीत फुटत नाही, ओठ किंवा जीभ तिथेच थांबते. पण अनुनासिक स्पष्ट घुमतं. ‘मान’ कानावर पडताच ‘मात’ येण्याआधीच कळतं की गारवा सौम्य आहे.

एखादं अक्षर आपल्याच घरातला सूर का शोधतं, हेही सांगायला हवं. १९५४ साली फ्रेंच भाषावैज्ञानिक आंद्रे-जॉर्ज ओद्रिकूर यांनी व्हिएतनामी सुरांचा उगम मांडला. त्यांच्या मांडणीनुसार आधी सूर कमी होते. पुढे अघोष व्यंजनाने सुरू होणाऱ्या अक्षरांचा सूर वर राहिला, घोष व्यंजनाने सुरू होणाऱ्यांचा खाली गेला, आणि तिनाचे सहा झाले. द्विरुक्तीत पहिलं व्यंजन बहुतेक वेळा तेच राहतं. त्यामुळे फाटाफूट झाली तेव्हा जोडीतली दोन्ही अक्षरं एकत्रच वर किंवा एकत्रच खाली गेली. आज त्या जुन्या व्यंजनांतला घोष-अघोष भेद बराचसा पुसला गेला आहे, पण जोडशब्दांतली एकाच घरात राहण्याची सवय टिकून आहे.

सौम्य म्हणजे केवळ ‘कमी’ असं समजू नका. मी दुभाष्याचं काम करते आणि शिकवते, त्यामुळे हा फरक मला रोज जपावा लागतो. हनोईत थंडी सुरू होताना कोणी हवा ‘लाञ लाञ’ आहे म्हणालं तर त्यात तक्रार नसते. अंगावर हलकी शाल घ्यावीशी वाटावी इतका सुखद गारवा असतो. ‘ञॉ’ म्हणजे लहान, आणि ‘ञॉ ञॉ’ म्हणजे छोटंसं, त्यात थोडी मायाही येते. खाण्याच्या गप्पांत तर ही जोडी सतत भेटते. चिंचेचं काही किंवा बुडवून खायचं माशाचं पाणी ‘चुअ चुअ ङॉत ङॉत’ असतं, म्हणजे आंबटगोड आणि चवदार. इथे ‘ङॉत’ न बदलता दुणावला आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. सहज बोलण्यात, विशेषतः दक्षिणेत, सूर आणि शेवट न बदलताही दुणावतात. अर्थ तरीही सौम्यच राहतो.

कामाच्या ठिकाणी याचं वजन वेगळं होतं. कापडाचा नमुना हातात घेऊन व्हिएतनामी तपासनीस म्हणाली की हा रंग ‘खाङ खाक’ आहे, तर शब्दशः तो ‘जरासा वेगळा’ आहे. पण नवख्या दुभाष्याने ‘थोडाच फरक आहे, चालेल’ असं सांगितलं तर घोटाळा होतो. समोरच्याला न दुखावता ती सांगते आहे की हा नमुना मूळ रंगाशी जुळत नाही. मी अशा वेळी ‘रंग जरा हटके वाटतोय, जुळत नाही असं त्यांचं मत आहे’ असं पूर्ण सांगते, आणि फरक किती आहे हे लगेच विचारून घेते. सौम्य जोडी मोजमाप देत नाही, त्यामुळे करारात किंवा तपासणीच्या अहवालात ती लिहू नये.

दुसरी जात म्हणजे जिथे मूळ शब्द पहिला येतो आणि मागून येणाऱ्या अक्षराचं फक्त पहिलं व्यंजन तेच राहतं, बाकीचं बदलतं. इथे गुण कमी किंवा जास्त होत नाही, त्याला रंग चढतो. आणि हा रंग प्रत्येक शब्दासोबत पाठच करावा लागतो, त्याला सूत्र नाही. ‘ञॉ’चंच घराणं घ्या. ‘ञॉ ञान’ म्हणजे लहानखुरी आणि गोड, एखाद्या मुलीच्या चणीबद्दल म्हणतात. ‘ञॉ ञेन’ म्हणजे कोत्या मनाचा. ‘ञॉ ञात’ म्हणजे किरकोळ, क्षुल्लक बाब. कौतुक करायला जाऊन एखाद्या यजमानीणबाईंना ‘ञॉ ञेन’ म्हटलंत तर शेवटच्या एका अक्षराने तुम्ही त्यांना संकुचित ठरवलंत.

‘लाञ’चंही पाहा. ‘लाञ लाञ’ सुखद गारवा हे आलंच. ‘लाञ लॅओ’ म्हणजे माणसांविना ओस पडलेल्या घराची थंडी, त्यात उदासी आहे. ‘लाञ लुङ’ म्हणजे कोरडा, तुटक वागणारा, हवामानाशी त्याचा संबंध क्वचितच. ‘सउ’ म्हणजे वाईट किंवा कुरूप. ‘सउ सी’ म्हणजे दिसायला कुरूप, ‘सउ सा’ म्हणजे वृत्तीने वाईट. एकच मूळ, पण मागचं अक्षर ठरवतं की गोष्ट रूपाची आहे की स्वभावाची. या सगळ्यांना ‘झत’ बिनदिक्कत लागतं: ‘झत लाञ लुङ’, फार तुटक. वर दिलेली कसोटी इथे उपयोगी पडते.

याही जातीत घरांचा नियम बहुतांशी टिकतो, आणि व्हिएतनामी शाळांना ते हुएनताईचं पद्य मुख्यतः याचसाठी लागतं. दक्षिणेत हॉय आणि ङा हे दोन सूर उच्चारात एक झाले आहेत, पण लिहिताना वेगळे ठेवावे लागतात. ‘वुइ वॅ’ (आनंदी) लिहिताना मुलाला शंका आली तर तो पहिलं अक्षर पाहतो: सपाट सूर, वरचं घर, म्हणून दुसऱ्यावर हॉय. ‘साच सॅ’ (स्वच्छ) मध्ये पहिलं नाङ, खालचं घर, म्हणून दुसऱ्यावर ङा. अपवाद आहेत. ‘ङ्वान ङ्वान’ (गुणी, आज्ञाधारक) मध्ये सपाट सुरामागे ङा येतो, आणि वरचा ‘ञॉ ञात’सुद्धा घर ओलांडतो. असे शब्द वेगळे पाठ करण्याला पर्याय नाही.

आता जोर देण्याकडे येऊ. तुम्ही वाचलेलं खोटं नव्हतं, फक्त ती वेगळी रचना आहे. खरा जोर तीन अक्षरांत येतो. ‘साच’ म्हणजे स्वच्छ, आणि ‘साच साञ साञ’ म्हणजे काहीही शिल्लक न ठेवता, पार झाडून-पुसून. ‘सात’ म्हणजे अगदी जवळ, चिकटून, आणि ‘सात सान सात’ म्हणजे मधे सुईही जाणार नाही इतकं खेटून. ‘खीत’ म्हणजे फट न राहता बसलेलं, ‘खीत खिन खीत’ म्हणजे पक्कं, फटच नाही असं. या तिन्हींचे सूर तपासा. पहिल्यात नाङ, हुएन, ङाङ. दुसऱ्या आणि तिसऱ्यात साक, हुएन, नाङ. मधलं अक्षर दर वेळी उतरत्या हुएन सुरात आहे, आणि तीन अक्षरांत आवाज एका घरातून दुसऱ्या घरात उडी मारतो. सौम्य जोडी आपल्या घरातून बाहेर पडत नाही, जोराची त्रयी मात्र घर ओलांडते. माझ्या मते ऐकताना सौम्य आणि जोरकस वेगळं करण्याची सगळ्यांत भरवशाची खूण हीच आहे. अक्षरं किती ते मोजा, आणि सूर कुठून कुठे गेला ते ऐका.

‘साच साञ साञ’ व्हिएतनामी माणसाच्या कानात बसला आहे तो न्गुयेन झू यांच्या ‘किएउची कथा’ या काव्यामुळे. रेशीम विकणाऱ्या एकाने खोटा आरोप केल्यावर शिपाई किएउच्या घरात घुसतात आणि चीजवस्तू लुटतात, तिथे हे तीन शब्द येतात. मूळ शब्दाचा अर्थ ‘स्वच्छ’ आहे, पण इथे तो घर धुऊन नेल्याचं सांगतो. आपणही ‘घर साफ केलं’ हे चोराबद्दल म्हणतो. मराठीत तिथे ‘साफ’ला जोर आवाजाने द्यावा लागतो, व्हिएतनामीत तो शब्दाच्या घडणीतच असतो.

दोन अक्षरी जोडशब्दाला आणखी फुगवायची एक रीत आहे. तिच्यात दुसऱ्या अक्षराचं व्यंजन ठेवून ‘आ’ किंवा ‘अ’ लावतात आणि जोडी पुन्हा म्हणतात. ‘लुङ तुङ’ म्हणजे गोंधळलेला, ‘लुङ ता लुङ तुङ’ म्हणजे काय करावं तेच न सुचणारा. ‘लोइ थोइ’ म्हणजे अस्ताव्यस्त, ‘लोइ था लोइ थोइ’ म्हणजे पार अव्यवस्थित, अंगावरचे कपडे लोंबताहेत असा. ही बोलीतली रूपं आहेत आणि त्यांत थोडी नाराजी असते.

तिसरी गोष्ट जिवंतपणाची, आणि मला या भाषेत सगळ्यांत आवडणारा साचा इथेच आहे. पहिलं अक्षर मूळ शब्दाचं व्यंजन घेतं आणि त्याला ‘अप’ असा शेवट लागतो. ‘ञाय’ म्हणजे डोळा मिचकावणं, एकदा. ‘ञप ञाय’ म्हणजे दिवा लागतोय-विझतोय, लागतोय-विझतोय. ‘ञो’ म्हणजे बाहेर वर निघणं; ‘ञप ञो’ म्हणजे डोंगरांची रांग किंवा लाटा, वर-खाली, वर-खाली. ‘लॉ’ म्हणजे डोकावणं. ‘लप लॉ’ म्हणजे दिसतंय न दिसतंय. ‘फोङ’ म्हणजे फुगणं. ‘फप फोङ’ म्हणजे छाती भरतेय आणि खाली जातेय, म्हणून धास्तावलेल्या मनाबद्दलही तोच शब्द. ‘बुङ’ म्हणजे भडका उडणं. ‘बप बुङ’ म्हणजे शेकोटीच्या ज्वाळा उसळतात आणि बसतात. मूळ क्रियापद एक हालचाल सांगतं. ‘अप’ लागलं की तिला उलटी हालचाल मिळते आणि दोन्ही आळीपाळीने चालू राहतात. उच्चार करून पाहिलात तर ‘अप’ला ओठ मिटतात आणि पुढच्या अक्षराला उघडतात. सूरही घरांप्रमाणेच: ‘ञाय’ वरच्या घरातला म्हणून ‘ञप’ चढता, ‘फोङ’ खालच्या घरातला म्हणून ‘फप’ जड. अनोळखी शब्दात हा साचा ऐकू आला तर त्यात काहीतरी चालू-बंद किंवा वर-खाली होतं आहे असा अंदाज बांधा, तो बहुतेक वेळा बरोबर येतो.

क्रियापदांबद्दल थोडक्यात. नुसतं दुणावलं की कृती पुन्हा-पुन्हा किंवा हलकेच होते: मान हलकी पुन्हा-पुन्हा डोलवणं, किंचित हसत राहणं. हे मराठीच्या जवळ आहे, त्यामुळे तुम्हाला अवघड जाणार नाही. मोजक्या नामांत ‘प्रत्येक’ असा अर्थ येतो, ‘ङाय ङाय’ म्हणजे दिवसेंदिवस, रोज रोज. पण कुठलंही नाम घेऊन असं करू नका, ही यादी ठरलेली आहे.

आपलं ‘पुस्तकबिस्तक’, ‘अभ्यासबिभ्यास’ त्यांच्याकडेही आहे, फक्त उलट्या बाजूने. आपण पहिलं व्यंजन बदलून ‘बि’ लावतो आणि बाकीचं ठेवतो. ते पहिलं व्यंजन ठेवतात आणि बाकीच्या जागी ‘इएक’ बसवतात. ‘हॉक’ म्हणजे शिकणं, अभ्यास. ‘हॉक हिएक’ म्हणजे अभ्यासबिभ्यास. ‘फिम’चं ‘फिम फिएक’, ‘साच’ (पुस्तक) चं ‘साच सिएक’. त्यात हेटाळणी किंवा वैताग असतोच, आणि तो आपल्यापेक्षा टोचरा. वडीलधाऱ्यांशी किंवा कामाच्या ठिकाणी हे रूप टाळा.

शेवटी फसवे शब्द. दोन सारखी व्यंजनं ऐकू आली की ती द्विरुक्ती असतेच असं नाही. ‘मात मुइ’ म्हणजे चेहरा आणि नाक, दोन्ही खरे शब्द आहेत, आपल्या ‘हातपाय’सारखा तो समास आहे. दुसऱ्या अक्षराला स्वतःचा अर्थ आहे का हे शब्दकोशात पाहिलं की उलगडतं. शिवाय काही प्राण्यांची आणि फळांची नावंच दुहेरी आहेत: ‘चुओन चुओन’ चतुर, ‘बुओम बुओम’ फुलपाखरू, ‘दू दू’ पपई. ‘दू’ म्हणजे पुरेसं, आणि ‘दू दू’चे सूर अगदी सौम्य जोडीसारखे, आधी सपाट मग हॉय. तरीही त्याचा अर्थ ‘बऱ्यापैकी पुरेसं’ होत नाही, ते फळच राहतं. दक्षिणेतले लोक तेत सणाच्या ताटात सीताफळ, नारळ, पपई आणि आंबा मांडतात तेव्हा पपईतला ‘पुरेसं’ हा अर्थ हौसेने जागा करतात, कारण चारही फळांची नावं ओळीने उच्चारली की ‘खर्चापुरतं मिळो’ अशी प्रार्थना कानावर येते.